५६वी आकृती : प्रवासी

ताई, तुम्ही विचारलंत, सतत दौऱ्यावर असणाऱ्या त्याच्याशी आपलं जमेल का? 'ई चिंग' या प्राचीन चिनी शकुनग्रंथाच्या रीतीने तीन नाणी सहा वेळा टाकली, सहा रेघांची आकृती आली 'ल्यू', प्रवासी. खाली पर्वत, वर अग्नी. डोंगर जागेवरच, वणवा पुढे सरकतो. इंदूरला तुम्ही, तो आज रायपूर, उद्या सुरत. यश आहे, पण लहान गोष्टींत.

चौथी रेघ बदलती आहे: प्रवाशाला निवारा मिळाला, कुऱ्हाडही मिळाली, तरी मन प्रसन्न नाही. मला ही रेघ त्याचीच वाटते. रात्री हॉटेलमधून फोन करून तो नुसता गप्प राहतो, म्हणालात ना?

ती बदलून ५२वी आकृती होते, पर्वतावर पर्वत: स्थिर थांबणं. लग्नाचा विषय फोनवर नको. तो आला की समोर बसवून विचारा, थांबायचं कुठे?