संविधान सराव प्रश्न: पक्षांतरबंदी आणि अध्यक्षांचा अपात्रतेचा अधिकार

एका राज्याच्या विधानसभेत १२० सदस्य आहेत. 'अ' पक्षाचे ४८ व 'क' पक्षाचे १६ मिळून सरकार आहे; उरलेले ५६ 'ब' पक्षाचे. ४ मार्च २०२४ रोजी 'अ' पक्षाचे ३० आमदार परराज्यात गेले. दुसऱ्या दिवशी ते पक्षाध्यक्षांनी बोलावलेल्या बैठकीला आले नाहीत. त्याऐवजी आपसांत ठराव करून त्यांनी नवा गटनेता व नवा प्रतोद नेमला, आणि विधानसभा अध्यक्षांना हटवण्याची सूचना दिली. ६ मार्चला 'अ' पक्षाने या तीसही जणांविरुद्ध अपात्रतेच्या याचिका दाखल केल्या. ७ मार्चला अध्यक्षांनी ४८ तासांत उत्तर मागितले. मात्र निर्णय झाला नाही.

२१ मार्चच्या विश्वासमतात मूळ प्रतोदाचा आदेश 'बाजूने मत द्या' असा होता, नव्याचा 'विरोधात'. तीसही जणांनी विरोधात मत दिले आणि सरकार पडले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष ठरावाने हटले आणि 'ब' पक्षाचा सदस्य अध्यक्ष झाला. त्यांनी आठ महिने याचिका ऐकल्याच नाहीत. १० ऑक्टोबरला आणखी दोन आमदार गटात आले आणि ३२ जणांनी 'ब' पक्षात विलीनीकरण जाहीर केले. २५ ऑक्टोबरला मूळ तिसांपैकी एकाने राजीनामा दिला. आता 'अ' पक्ष उच्च न्यायालयात आला आहे. त्याची मागणी अशी: न्यायालयाने स्वतःच ३२ जणांना अपात्र ठरवावे, निदान अध्यक्षांना मुदत घालून द्यावी.

प्रश्न (२० गुण): अपात्रता ओढवते का, विलीनीकरणाचा बचाव टिकतो का, आणि न्यायालय काय करू शकते?

उत्तर

सुरुवात तारखेपासून करावी. विद्यार्थी इथेच घसरतात. राजेंद्रसिंह राणा (२००७) निकालानुसार अपात्रता कृत्याच्या दिवशी ओढवते, निर्णयाच्या दिवशी नव्हे. मार्चमध्ये गटात ३० जण होते. ४८ चे दोन-तृतीयांश ३२ होतात. म्हणजे ऑक्टोबरातली बेरीज मार्चमधले कृत्य धुऊन काढत नाही. 'एक-तृतीयांश फूट' हा बचाव तर ९१ व्या घटनादुरुस्तीने (२००३) पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीतील परिच्छेद ३ वगळल्यावर उरलाच नाही. शिवाय परिच्छेद ४ मूळ पक्षाच्या विलीनीकरणाबद्दल बोलतो. दोन-तृतीयांश आमदारांची संमती ही त्याची कसोटी आहे. नंतर आलेल्या दोघांचा प्रश्न मात्र वेगळा: मार्चच्या याचिकांत ते नाहीत, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र याचिका लागेल.

बैठकीला न येणे एवढ्यावर 'स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले' असे म्हणता येणार नाही. पण रवी नाईक (१९९४) निकाल सांगतो की लेखी राजीनामा नसतानाही वर्तनावरून तसा निष्कर्ष निघतो. परराज्यात जाणे, समांतर प्रतोद नेमणे आणि स्वपक्षाचे सरकार पाडणे ही साखळी एकत्र वाचावी.

व्हिपचा मुद्दा जास्त भक्कम आहे. सुभाष देसाई प्रकरणात (११ मे २०२३) घटनापीठाने स्पष्ट केले की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे. म्हणून नव्या प्रतोदाचा आदेश परिच्छेद २(१)(ख) साठी निरुपयोगी ठरतो. मात्र ६ मार्चच्या याचिकेत २१ मार्चचे मतदान असणार नाही. याचिकेत ते जोडले आहे का आणि पक्षाने १५ दिवसांत माफी दिली नाही ना, हे तपासावे लागेल.

पहिल्या अध्यक्षांच्या ४८ तासांच्या नोटिशीवर फार शाई खर्चू नये. निर्णयच झाला नसल्याने आता ती मुदत गौण आहे. नबाम रेबिया (२०१६) नुसार हटवण्याची सूचना प्रलंबित असताना अध्यक्षांनी अपात्रतेचा निर्णय देऊ नये; कलम १७९ मधील 'तत्कालीन सर्व सदस्य' हा आकडाच त्याने बदलतो. देसाई प्रकरणात हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, एवढे लिहावे.

आता न्यायालय. किहोतो होलोहान (१९९२) मध्ये न्यायालयांना मज्जाव करणारा परिच्छेद ७ रद्द झाला, कारण निम्म्या राज्यांची संमती घेतली नव्हती; उरलेली अनुसूची ३ विरुद्ध २ मतांनी टिकली. अध्यक्ष इथे न्यायाधिकरण असतात, म्हणून निर्णयावर मर्यादित पुनर्विलोकन होते. निर्णयाआधी न्यायालय सहसा मध्ये पडत नाही. पण निर्णयच न देणे हे 'निर्णयाआधीचे' नव्हे, ते अधिकार न वापरणे आहे. केशम मेघचंद्र (२०२०) प्रकरणात अपवादात्मक परिस्थिती वगळता तीन महिने ही वाजवी मुदत मानली गेली. इथे आठ महिने उलटले, कारणही दिलेले नाही. त्यामुळे ठरावीक मुदतीचा आदेश मिळेल. थेट अपात्र ठरवण्याची मागणी मात्र फेटाळली जाईल. राणा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते केले, पण ती अपवादाची वाट आहे.

राजीनामा देणारा सुटत नाही: श्रीमंत पाटील (२०१९) प्रकरणानुसार राजीनामा स्वीकारला तरी आधीच्या कृत्याची अपात्रता राहते. मात्र अध्यक्ष त्याला उरलेल्या कार्यकाळासाठी पोटनिवडणुकीपासून रोखू शकत नाहीत. मंत्रिपद बंद होते ते कलम १६४(१ख) मुळे, आणि कार्यकाळ संपेपर्यंत किंवा त्याआधी पुन्हा निवडून येईपर्यंतच.