हरवलेला चेक क्र. ०००४१७ : नोंदी आणि फाइलीतलं टिपण

इंदूर, १३ नोव्हेंबर २०२४

देवासच्या पाऊचवाल्यांचं प्रकरण काल मिटलं. नवा चेक १२ तारखेला पास झाला. डिसेंबरात मी पंधरा दिवस नाही, सी.ए.कडचा मुलगा कागद तपासायला येईल तेव्हा तूच असशील. म्हणून झालं तसं सगळं लिहून ठेवतो.

नमकीनच्या पाऊचचं बिल २६ सप्टेंबरचं. माल ७२,०००, त्यावर सीजीएसटी ६,४८० आणि एसजीएसटी ६,४८०, एकूण ८४,९६०. चेक आपण २८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या गर्दीत, त्यांच्या वसुलीच्या मुलाच्या हातात दिला. व्हाउचरवर त्याची सही आहे. मग सियागंजातल्या दहा दुकानांतून फिरताना त्याच्या पिशवीतून तो कुठे पडला, देव जाणे. दिवाळीनंतर ६ नोव्हेंबरला देवासहून फोन आला, "काका, आमचा चेक राहिलाय का?" मी व्हाउचर काढून सही दाखवली, तेव्हा तिकडे शोधाशोध सुरू झाली.

चेक अकाउंट पेयी होता, म्हणजे तिऱ्हाइताला काउंटरवरून रोख मिळणार नव्हती. पण त्याची मुदत तारखेपासून तीन महिने, जानेवारीअखेरपर्यंत तो जिवंत. तेवढा काळ खात्यावर टांगती तलवार ठेवून दुसरा चेक देता येत नाही. आधी बँकेचं पासबुक पाहिलं, ०००४१७ वटलेला नव्हता. मग त्याच दुपारी शेठजींच्या सहीनं हे पत्र दिलं:

"मा. शाखा व्यवस्थापक यांस,
विषय : चेक क्र. ०००४१७ चे पैसे न देण्याबाबत.
महोदय, आमच्या चालू खात्यावरील चेक क्र. ०००४१७, दिनांक २८ ऑक्टोबर २०२४, रक्कम रुपये ८४,९६० (अक्षरी चौऱ्याऐंशी हजार नऊशे साठ फक्त), देवास येथील आमच्या पाऊच पुरवठादाराच्या नावे अकाउंट पेयी काढलेला, पुरवठादाराकडे दिल्यानंतर गहाळ झाला आहे. तो आजपर्यंत वटलेला नाही. कृपया या चेकचे पैसे देऊ नयेत आणि सूचना नोंदवल्याची पोच तारीख व वेळेसह द्यावी. आपले शुल्क आमच्या खात्यातून वळते करावे.
आपला, प्रोप्रायटर"

पोचेवर वेळ ३ वाजून १० मिनिटं आहे. ती पावती हरवू देऊ नकोस, पुढे वाद निघालाच तर तेवढाच कागद बोलतो.

पुरवठादाराकडूनही लेटरहेडवर लिहून घेतलं: चेक आमच्या ताब्यातून गहाळ झाला, आम्ही तो कुठेही भरलेला नाही, सापडल्यास परत करू, आणि त्यातून तुमचं काही नुकसान झाल्यास भरून देऊ. शेठजींना हे जरा जास्तच वाटलं, "आपलीच माणसं आहेत" म्हणाले. पण पेमेंट थांबवलं म्हणून चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ मधून आपोआप सुटका होत नाही. पेमेंट का थांबवलं याचा पुरावा आपल्याच हातात हवा. पत्र आल्यावरच नवा चेक फाडला.

आता टॅलीतल्या नोंदी.

२६ सप्टेंबर (खरेदी, जशी होती तशीच)
पॅकिंग मटेरियल खरेदी खाते नावे ७२,०००
इनपुट सीजीएसटी खाते नावे ६,४८०
इनपुट एसजीएसटी खाते नावे ६,४८०
  देवास पाऊचवाले खाते जमा ८४,९६०

२८ ऑक्टोबर (पेमेंट, `F5`)
देवास पाऊचवाले खाते नावे ८४,९६०
  बँक चालू खाते जमा ८४,९६०
(चेक क्र. ०००४१७ हस्ते वसुली प्रतिनिधी दिला.)

६ नोव्हेंबर (रिसीट, `F6`)
बँक चालू खाते नावे ८४,९६०
  देवास पाऊचवाले खाते जमा ८४,९६०
(चेक क्र. ०००४१७ गहाळ, बँकेस पेमेंट थांबवण्याची सूचना दिली, देणे पूर्ववत.)

६ नोव्हेंबर (बँकेनं कापलेलं शुल्क)
बँक चार्जेस खाते नावे १००
इनपुट सीजीएसटी खाते नावे ९
इनपुट एसजीएसटी खाते नावे ९
  बँक चालू खाते जमा ११८

८ नोव्हेंबर (पेमेंट, `F5`)
देवास पाऊचवाले खाते नावे ८४,९६०
  बँक चालू खाते जमा ८४,९६०
(चेक क्र. ०००४३१, गहाळ चेक क्र. ०००४१७ ऐवजी.)

तिसरी नोंद तू वेगळी केली होतीस, म्हणून त्यावर जरा थांबतो. तू २८ ऑक्टोबरच्या व्हाउचरवर `Alt+X` मारून ते रद्द केलंस. हिशेब शेवटी जुळला असता, हे खरं. पण ३१ ऑक्टोबरची बँक जुळवणी मी आधीच छापून शेठजींना दिली होती: वहीप्रमाणे शिल्लक ३,१२,४५०, त्यात न वटलेला चेक ८४,९६० मिळवला की पासबुकाची ३,९७,४१०. व्हाउचर रद्द होताच वहीची ऑक्टोबरअखेरची शिल्लकच ३,९७,४१० झाली आणि शेठजींच्या हातातला कागद खोटा ठरला. ३१ तारखेला तो चेक दिलेला होता आणि वटायचा बाकी होता, ही वस्तुस्थिती आहे. पेमेंट थांबलं ते ६ नोव्हेंबरला, म्हणून उलटी नोंदही त्याच तारखेची. मी जुनं व्हाउचर पुन्हा भरलं आहे.

रिसीट का, जर्नल का नाही? `F7` मध्ये बँक खातं सेटिंग बदलल्याशिवाय येतच नाही, आणि त्या सेटिंगला हात न लावलेला बरा. ६ तारखेला पासबुकात ८४,९६० जमा दिसणार नाहीत, शोधू नकोस. पैसे बाहेर गेलेच नव्हते. टॅलीच्या बँक जुळवणीत मात्र २८ ऑक्टोबरचं पेमेंट आणि ६ नोव्हेंबरची रिसीट दोन्ही लोंबकळत राहतात. दोघांनाही बँक तारीख ६ नोव्हेंबर दे, म्हणजे ती एकमेकांना कापून यादीतून जातील. ऑक्टोबरच्या जुळवणीत चेक न वटलेलाच दिसेल, तसाच दिसायला हवा.

खरेदी आणि जीएसटीला हात लावायचा नाही. बिल तेच, माल तोच. फक्त बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे गेले नसते तर इनपुट उलटवावं लागलं असतं. ती वेळ मार्चअखेरीस आली असती. आपल्याला जवळची अडचण दुसरी होती: देवासवाले सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेले आहेत आणि करार ४५ दिवसांचा. ती मुदत १० नोव्हेंबरला संपत होती, वर रविवार. म्हणून ८ तारखेची घाई केली.

११८ रुपये कुणी सोसायचे यावर फोनवर थोडी घासाघीस झाली. चेक त्यांच्या हातात पडल्यावर हरवला, तेव्हा मी त्यांच्याकडूनच घ्यावे या मताचा. तसं झालं असतं तर शुल्क आपल्या खर्चात न धरता त्यांच्या खात्यात नावे टाकलं असतं आणि नवा चेक ८४,८४२ चा निघाला असता. शेठजी म्हणाले, "अरे, पोहे-जलेबीचे पैसे समज." म्हणून खर्चात टाकले.

जुना चेक अजून सापडलेला नाही. सापडून आला तर त्यावर आडवी रेघ मारून "रद्द" लिही आणि चेकबुकात ०००४१७ च्या अर्ध्या पानाला टाचून ठेव. त्याची कुठलीही नोंद करायची नाही.