नफ्यावर कर आलाच, आता भावाचं ठरवू
(शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा, राजापूर तालुका, 27 सप्टेंबर 2025. लेखा पाहणाऱ्या संचालिकेचं भाषण.)

नमस्कार मंडळी. हळवं भात कापायला आलंय, त्यात नवरात्र, तरी सभागृह भरलंय. म्हणून थेट मुद्द्यावर येते.

ताळेबंदात 4 लाखांच्या नफ्यापुढे 1 लाख 4 हजारांचा कर दिसतोय. शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग शेतकऱ्यांच्या कंपनीला कर कसला, असं बऱ्याच जणांनी विचारलंत. प्रश्न रास्त आहे. तुम्ही स्वतःच्या बागेतला हापूस किंवा काजू बी विकलीत, तर ते शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही. पण तीच बी कंपनीने विकत घेतली, फोडली आणि काजूगर विकला, तर तो नफा धंद्याचा. कंपनीचे मालक शेतकरी आहेत, एवढ्याने तो शेतीचा होत नाही.

2018 च्या वित्त कायद्याने 80पीए हे कलम आणलं. उलाढाल 100 कोटींच्या आत असलेल्या उत्पादक कंपनीला, सभासदांचा माल विकणं, त्यावर प्रक्रिया करणं, सभासदांना बियाणं-अवजारं पुरवणं यातल्या नफ्याची 100 टक्के वजावट मिळायची. किमान पर्यायी कर, म्हणजे वजावटी असल्या तरी हिशेबी नफ्यावर भरावाच लागणारा कमीत कमी कर, तेव्हाही बसायचा, पण ओझं बरंच हलकं होतं. ती मुदत 2023-24 च्या उत्पन्नाबरोबर संपली. आज तुमच्या हातात आहे तो त्या सवलतीशिवायचा पहिला ताळेबंद. सोसायटीला सूट मिळते ती 80पी कलमाखाली आणि ती फक्त सहकारी संस्थांना. आपण कंपनी, आपल्याला 25 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 26 टक्के. 22 टक्क्यांचा दुसरा पर्याय आहे, तो अधिभार-उपकर धरून 25.168 टक्क्यांवर जातो. त्यात किमान पर्यायी कर लागत नाही, पण बहुतेक वजावटी सोडाव्या लागतात आणि एकदा घेतला की मागे फिरता येत नाही. त्याचा निर्णय सीएंशी बसून करू.

मला खरं बोलायचंय ते भावाबद्दल. नफा आधी कंपनीत साठवायचा, त्यावर कर भरायचा आणि उरलेला लाभांश म्हणून वाटायचा, तर तो लाभांशही तुमच्या हातात करपात्र. कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीसाठी राखून ठेवलेल्या किमतीची सोय आहे. बीच्या भावातला काही भाग खरेदीच्या वेळी थांबवायचा आणि हंगामानंतर द्यायचा. तो मालाचाच भाव असल्यामुळे कंपनीच्या खरेदीखर्चात बसतो आणि तुमच्याकडे शेतीचं उत्पन्न म्हणून येतो. मात्र भाव कसा ठरणार आणि किती थांबवणार, याचा ठराव खरेदीआधी झालेला हवा, पावतीवर तसं लिहिलेलं हवं. मार्चअखेरीला नफा दिसल्यावर मागची तारीख घालून हे करायचं नाही, मी त्यावर सही करणार नाही.

आता जीएसटी. ताज्या आंब्यावर नाही. पल्पवरचा याच सोमवारपासून, 22 सप्टेंबरपासून, 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, पुढच्या हंगामाला त्याचा आधार होईल. काजूचं वेगळं. शेतकऱ्याकडून न फोडलेली बी घेतली की 5 टक्के कर तुम्ही नाही, नोंदणी असलेली आपली कंपनी भरते. 1 लाखाच्या बीमागे 5 हजार आणि तेही रोकड खात्यातून. काजूगर विकताना त्याची वजावट मिळते, पण एप्रिल-मेमध्ये पैसा अडकतो. तुमचं पेमेंट चार दिवस मागेपुढे होतं, त्याचं हेही एक कारण.

रोखीचंही सांगते. एका दिवसात एकाला 10 हजारांवर रोख दिली की तो खर्च आयकरात मान्य होत नाही. पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या मालासाठी दिलेले पैसे याला अपवाद आहेत, व्यापाऱ्याला दिलेले नाहीत. म्हणून काट्यावर पावतीवर तुमचं नाव, गाव, वजन, दर आणि सही घेतो. शेजाऱ्याची बी आपल्या नावावर घालू नका. आपल्याकडे सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं, वाटण्या झालेल्या नसतात, चुलते मुंबईत. अशांनी पीकपाहणीची नोंद आणि कसतो कोण याचं साधं संमतीपत्र कार्यालयात द्यावं, हंगामाच्या घाईत ते शोधत बसायला नको.

आयकर विवरण 31 ऑक्टोबरच्या आत जाईल. नफा असो वा तोटा, ते वेळेत भरावंच लागतं, नाहीतर धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांत वळता करता येत नाही. कंपनी निबंधकाकडच्या फॉर्मला उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये, ते पैसे तुमचेच. येत्या 1 एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागतोय, कलमांचे आकडे बदलतील, तेव्हा जुने कागद दाखवून कोणी सल्ला दिला तर आधी आम्हाला विचारा.

राखीव किमतीचा ठराव विषयपत्रिकेत सहावा आहे. येत्या हंगामात किलोमागे किती थांबवायचे, हे तुम्हीच सांगा. ज्यांना पूर्ण भाव लगेच हवाय, त्यांनीही आत्ताच हात वर करून बोलावं.