प्रश्न ७ : पित्ताशयाचं ऑपरेशन आणि निष्काळजीपणा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या ५८ वर्षांच्या मराठी बाईंचं दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. धोके मराठीतून समजावून त्यांची सही घेतली होती. आत पित्ताशय आतड्याला घट्ट चिकटलेलं. पित्तनलिकेला इजा नको म्हणून सर्जननं सगळी पिशवी न काढता काही भाग तसाच ठेवला. अशा वेळी ही मान्य पद्धत आहे. तिसऱ्या दिवशी पित्त झिरपलं, स्टेंट टाकावा लागला. दुसरे एक डॉक्टर म्हणाले, "मी तर पोट उघडलं असतं."

सर्जन निष्काळजी ठरतो का?

अ) हो, त्रास झाला, म्हणजे चूक झालीच.
आ) हो, दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळं केलं असतं.
इ) नाही, सर्वसाधारण कुशल सर्जन असंच करू शकला असता.
ई) नाही, सही असल्यावर तक्रारच करता येत नाही.

उत्तर : इ

मोजमाप सर्वोत्तम सर्जनचं नसतं, त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण कुशल माणसाचं असतं. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातली ही कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात मान्य केली. मुलं 'आ'वर हमखास घसरतात. मतभेद म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. 'ई'सुद्धा फसवं आहे. सही धोक्यांना असते, हलगर्जीपणाला नाही. पोटात टॉवेल राहिला असता, तर उत्तर उलटं आलं असतं : अच्युतराव खोडवा खटला, १९९६.