केळीच्या व्हिडिओचे प्रॉम्प्ट, शॉट लिस्ट आणि दुरुस्तीच्या फेऱ्या

रावेर, १२ नोव्हेंबर

निलेशभाऊ, नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "ताई, फुटेज पाठवा, बाकी मी बघतो." बघाल याची खात्री आहे. पण या कामात काही शॉट एआयने बनवायचे आहेत, आणि बघणारे सगळे केळीतलेच लोक आहेत. म्हणून काय हवं, कुठे हवं आणि किती वेळा बदलायचं, हे आधीच लिहून देते.

व्हिडिओ अडीच मिनिटांचा, आडवा. त्यातूनच ३० सेकंदांच्या दोन उभ्या रील. बघणार दिल्लीकडचे आणि आखातात माल पाठवणारे व्यापारी. त्यांना आपल्या गटाचा माल कसा पिकतो आणि कसा भरला जातो ते दाखवायचं आहे. सबटायटल हिंदीत, ती मी लिहून दिली आहेत. आमच्याकडच्या शेतकऱ्यांचं बोलणं लेवा बोलीत आहे. तुम्ही धुळ्याचे, अहिराणीवाले, त्यामुळे एखादा शब्द अडला तर मला विचारा. पण बोलण्यातलं काही "शुद्ध" करू नका, वाक्यही मधेच तोडू नका.

शॉट लिस्ट

एकूण २४ शॉट आहेत. क्रमांकापुढे "क" असेल तो कॅमेऱ्याचा, "ब" असेल तो बनवायचा. "ब" फक्त तीन: ४, ९ आणि १७. जिथे कॅमेरा जाऊ शकतो तिथे बनवलेला शॉट नको, हे मी गटातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. कापणी, फण्या सोडवणं, धुणं, पॅकिंग, गाडी भरणं हे सगळं खरं आहे आणि चांगलं आलंय. २१ क्रमांकाच्या गाडी भरण्याच्या शॉटमध्ये मागे हमालांची थट्टामस्करी ऐकू येते. ती ठेवा, त्यावर संगीत चढवू नका.

४ मध्ये ठिबकच्या ओलाव्याकडे टिश्यूकल्चर रोपाची मुळं पसरताना दिसायला हवीत, ६ सेकंद. ९ मध्ये एकाच झाडावर कोवळ्या घडापासून भरलेल्या घडापर्यंतचा प्रवास, ८ सेकंद. १७ मध्ये रायपनिंग चेंबरमध्ये हिरव्या फणीचा रंग बदलताना, ५ सेकंद. चेंबरवाल्याने कॅमेरा आत न्यायला नकार दिला म्हणून हा बनवावा लागतोय.

मे महिन्याच्या वादळात झोपलेली बाग दाखवावी, अशी सूचना गटात आली होती. मी काढून टाकली. फळपीक विम्याचे पंचनामे होत असतात. बनवलेलं नुकसान कोणी कापून दुसरीकडे फिरवलं, तर खऱ्या नुकसानीवरच संशय येतो.

प्रॉम्प्ट पॅक

फोल्डरमध्ये प्रत्येक "ब" शॉटची वेगळी फाइल आहे. तिच्यात प्रॉम्प्ट, आपल्याच बागेतला एक फोटो आणि "हे आलं तर नाकारा" अशी यादी आहे. नुसत्या शब्दांवरून बनवू नका. फोटो पहिली फ्रेम म्हणून द्या, मगच प्रॉम्प्ट टाका. नुसतं "केळीची बाग" लिहिलं की ही साधनं कुठलं तरी नारळाचं बेट उभं करतात, घडावर पिवळीधमक केळी आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर गवताची टोपी. आपल्याकडे केळी हिरवीच कापली जातात, पिवळी होतात ती चेंबरमध्ये. झाडावर पिवळा घड दिसला की व्यापारी तिथेच हसेल, मग पुढचं कोण ऐकतंय?

नमुन्यादाखल ९ क्रमांकाचा प्रॉम्प्ट देते:

```
Static camera, close-up, one banana plant. Young bunch
grows to full size. Fruit stays green, fingers curve
upward. Bunch stem ends in a clean cut. Drip pipe at base.
Soft morning light.
```

यातलं "curve upward" कधीही काढू नका. भरत आलेल्या घडातली केळी वरच्या बाजूला वळलेली असतात, साधनं ती हमखास खाली लटकवतात. फण्या पुऱ्या झाल्या की आम्ही कमळ काढून टाकतो, म्हणून शेवटी केळफूल लटकताना दिसलं तर तो शॉट बाद. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर यादीतल्या त्यात टाका. नसेल तर "नको" लिहू नका, हवं तेच लिहा. "No yellow" लिहिलं की पुष्कळदा पिवळंच हजर होतं.

१७ मध्ये रंग एकदम बदलायला नको. हिरवा, मग पिवळट, मग टोकाला हिरवट राहिलेला पिवळा, आणि तिथेच थांबा. डागाळलेलं केळं आपल्या व्हिडिओत नको.

बनवलेल्या शॉटवर अक्षरं साधनाकडून लिहून घेऊ नका, देवनागरीचा चुराडा होतो. सगळा मजकूर एडिटिंगमध्ये, मुक्ता फॉन्टमध्ये. एक्सपोर्टनंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. तिन्ही "ब" शॉटच्या कोपऱ्यात "एआय-निर्मित दृश्य" ही ओळ शॉट संपेपर्यंत राहू द्या. यूट्यूबवर टाकताना तशी नोंद मी करीन.

प्रत्येक शॉटला चार प्रयत्न. त्यात जमलं नाही तर थांबा. शॉट लिस्टच्या शेवटच्या रकान्यात पर्याय दिलाय: ४ ला ठिबकच्या थेंबाचा क्लोजअप, ९ ला वेगवेगळ्या वयाच्या घडांचे फोटो ओळीने, १७ ला बाजारातली पिकलेली फणी. साधनाचं खातं गटाचं आहे, लॉगिन वेगळ्या मेसेजमध्ये पाठवते. क्रेडिटचा खर्च तुमच्यावर नाही.

एक तांत्रिक गोष्ट. मोबाइलचं फुटेज ३० फ्रेमच्या आसपास आहे, पण स्थिर नाही. बनवलेलं बहुतेक २४ ला येईल. प्रोजेक्ट २५ चा ठेवा आणि मोबाइलच्या क्लिप आधी बदलून घ्या, नाहीतर मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. फाइलची नावं `S09_v1.mp4` अशी.

दुरुस्तीच्या फेऱ्या

ठरलेल्या २४,००० रुपयांत दोन फेऱ्या आहेत. पहिली कच्च्या कटवर: शॉटचा क्रम, लांबी, काय ठेवायचं, काय काढायचं, आणि "ब" शॉट मान्य की नाही. या कटला रंग, संगीत काही करू नका, उगाच वेळ जाईल. दुसरी पक्क्या कटवर: रंग, आवाज, सबटायटल, बारीकसारीक. दुसऱ्या फेरीत कोणी क्रमच बदलायला सांगितलं तर तुम्ही नाही म्हणा, माझं नाव सांगा. गटात अकरा जण आहेत आणि प्रत्येकाला आपली बाग जास्त दिसायला हवी असते. म्हणून सूचना फक्त माझ्याकडून, एकाच तक्त्यात, मिनिट-सेकंदासह येतील. व्हॉट्सअॅपवर कोणी परस्पर काही कळवलं तर ते धरू नका.

सबटायटल माझ्या मजकुराशी जुळत नसेल, आवाज कुठे फाटत असेल, तर ती दुरुस्ती फेरीत मोजायची नाही. आमच्याकडून नवीन काही आलं, समजा अध्यक्षांचं मनोगत घाला असं ठरलं, तर ते नवं काम. त्याचा दर तुम्ही सांगा, मी लेखी होकार देईन, मगच सुरू करा. तिसरी फेरी लागली तर १,५०० रुपये.

कच्चा कट २० तारखेपर्यंत. आमच्या सूचना तीन दिवसांत येतील. आम्ही उशीर केला तर तुमची तारीख तितकीच पुढे. पैसे: ४० टक्के आज टाकले, ३० कच्च्या कटवर, ३० शेवटच्या फाइलवर. शेवटी प्रोजेक्ट फाइलही द्यायची, हे आपलं बोलणं झालंय.

फुटेजची हार्ड डिस्क शनिवारी माझा भाचा धुळ्याला घेऊन येतोय. घेतली की आधी कॉपी काढा आणि सगळ्या क्लिप उघडतात का ते त्याच दिवशी कळवा. इकडे कांदेबागेची कापणी अजून आठवडाभर चालेल, एखादा शॉट पुन्हा घ्यायचा तर तेवढ्यातच घेता येईल.

तुमची,
वैशाली