घुंगरं बांधून झाली, आता तुम्ही या!

रविवार, १८ जानेवारी, सायं. ५. गडकरी रंगायतन, ठाणे. आपल्या कथक वर्गाचं वार्षिक सादरीकरण 💃

सुरुवात चिमुकल्यांच्या तत्काराने. ईरा, स्वरा, अन्वी आणि गटातला एकुलता एक मुलगा अर्णव! सोळा मात्रा मोजताना अजून ओठ हलतात त्यांचे, तेवढं सांभाळून घ्या. मधल्या गटाचा झपताल मृण्मयीताईने बसवलाय. शेवटी सानिका, गार्गी आणि तन्वीचा तीनताल. बारावीचे क्लास सांभाळून घाम गाळलाय पोरींनी.

नृत्यरचना आणि पढंत गौरीताई, तबला निखिलदादा, संवादिनीवर लेहरा सुहासकाका. वेण्या, गजरे, सेफ्टी पिना: समस्त आईवर्ग 🙏

तिकिटं: रांग २ ते ८ ₹३००, त्यामागे ₹२००, बाल्कनी ₹१००. पहिली रांग गुरुजनांसाठी राखीव, कृपया रुमाल टाकू नका. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण मांडीवर घ्यावं लागेल. आजी-आजोबांना कडेची खुर्ची हवी असेल तर तिकीट घेतानाच सांगा.

विक्री वर्गावर रोज ६ ते ८. उरलीच तर त्या दिवशी ४ पासून नाट्यगृहावर. रविवारी तलावपाळीला गाडी लावायला जागा शोधत बसाल, त्यापेक्षा स्टेशनवरून चालत या. तत्कार ५ च्या ठोक्याला सुरू!