‘फन’ आणि ‘फनी’: सुनंदाताईंच्या सहलीच्या मेलवर टिपण

सुनंदाताई,

कर्नाळ्याच्या सहलीवर तुम्ही बंगळुरूच्या ऑफिसला पाठवायचा मेल वाचला. काळ, क्रियापदं, सगळं नीट आहे. तीन वाक्यं मात्र पाठवण्याआधी बदला:

‘द पिकनिक वॉज व्हेरी फनी.’
‘द न्यू कलीग्ज आर ऑल फनी.’
‘वी मेड अ लॉट ऑफ फन.’

पहिलं वाचून समोरच्याला वाटेल की सहलीत काहीतरी हास्यास्पद घडलं. दुसऱ्यातून नवे सहकारी विनोदी आहेत किंवा जरा विचित्र आहेत असा अर्थ निघतो, आणि हा मेल त्यांच्यापर्यंतही जाणार आहे.

घोळ दोन ठिकाणी होतो. एक, आपला ‘मजेशीर’ हा शब्द दोन्हीकडे चालतो: खेळही मजेशीर, नकलाही मजेशीर. ‘गंमत’ तर त्याहून लवचिक. इंग्रजीत ही वाटणी करावीच लागते. दुसरं कारण शब्दाच्या रूपात आहे. रेन-रेनी, सॉल्ट-सॉल्टी, डस्ट-डस्टी शिकल्यावर ‘फन असलेलं ते फनी’ असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण इथे तो नियम फसतो. ‘फनी’ची वाट वेगळी आहे.

‘फन’ म्हणजे मजा, आनंदात गेलेला वेळ. हे मुळात नाम आहे आणि ते मोजता येत नाही, म्हणून ‘अ फन’ किंवा ‘फन्स’ नाही. ‘इट वॉज फन’, ‘इट वॉज ग्रेट फन’, ‘वी हॅड अ लॉट ऑफ फन’ ही रूपं पाठ करा. मराठीत मजा ‘येते’ किंवा आपण ती ‘करतो’. इंग्रजीत ती ‘हॅव’ करायची. तुमच्या तिसऱ्या वाक्यातल्या ‘मेड’ने म्हणूनच अडचण होते. ‘मेक फन ऑफ समवन’ म्हणजे कुणाची तरी टिंगल करणं. तुमच्या वाक्यात ‘ऑफ’च्या पुढे कुणाचं नाव नाही, तरी वाचणाऱ्याच्या मनात टिंगलच डोकावते.

नामाच्या आधी ‘फन’ विशेषणासारखं चालतं: ‘अ फन ट्रिप’, ‘अ फन इव्हिनिंग’. बोलताना, मित्रांना लिहिताना बिनधास्त वापरा. ‘व्हेरी फन’ आणि ‘सो फन’ कानावर पडतील, पण ऑफिसच्या मेलमध्ये टाळा. तिथे ‘ग्रेट फन’ किंवा ‘अ लॉट ऑफ फन’ बरं. तुलना करताना ‘मोअर फन’ म्हणा, ‘फनर’ नको.

‘फनी’ हे विशेषण, आणि त्याचे दोन अर्थ सांभाळायचे. पहिला, हसू आणणारं: ‘अ फनी जोक’, ‘शी इज व्हेरी फनी’. इथे ‘व्हेरी’ चालतं, ‘फनियर’ आणि ‘फनिएस्ट’ही चालतात. दुसरा अर्थ विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो: विचित्र, नेहमीसारखं नसलेलं. ‘द मिल्क स्मेल्स फनी’ म्हणजे दुधाला वेगळाच वास येतोय, बहुधा नासलंय. ‘आय फील फनी’ म्हणजे मला कसंसंच होतंय. ‘समथिंग फनी इज गोइंग ऑन’ म्हणजे काहीतरी काळंबेरं चाललंय. यात कुणी हसत नसतं.

म्हणून लिहिण्याआधी मनातलं मराठी वाक्य पुन्हा एकदा म्हणा. ‘मजा आली’ बसतंय? ‘फन’. ‘हसू आलं’ किंवा ‘विचित्र वाटलं’ बसतंय? ‘फनी’. क्रिकेट खेळणं ‘फन’, आणि खेळताना कुणी स्वतःच्याच बॅटला अडखळून पडलं तर ते ‘फनी’. माणसांबाबत जास्त जपा: ‘ही इज फन’ म्हणजे त्याच्या सहवासात वेळ छान जातो, ‘ही इज फनी’ म्हणजे तो हसवतो किंवा विक्षिप्त आहे. लग्न, निरोपसमारंभ, कुणाचं भाषण यांचं कौतुक करताना शंका आली, तर दोन्ही सोडून ‘लव्हली’ किंवा ‘वंडरफुल’ लिहा.

उच्चारही सांगून ठेवते. ‘फ’वर चंद्र नको. ‘फॅनी’ हा ब्रिटिश इंग्रजीत असभ्य शब्द आहे.

तुमची वाक्यं अशी होतील:

‘द पिकनिक वॉज ग्रेट फन.’
‘द न्यू कलीग्ज आर ऑल फन टू बी विथ.’
‘वी हॅड अ लॉट ऑफ फन.’

पहिलं आणि तिसरं जवळजवळ तेच सांगतात, त्यामुळे एक काढलंत तरी चालेल. मी तिसरं काढलं असतं.

गुरुवारपर्यंत ही पाच वाक्यं इंग्रजीत लिहून आणा. एकात ‘फन’ही नाही आणि ‘फनी’ही नाही, ते ओळखा.

१. गाडीतून विचित्र आवाज येतोय.
२. माझ्या उच्चारांची चेष्टा करू नका.
३. चढ दमवणारा होता, पण मजा आली.
४. तिचा धाकटा नकला करून सगळ्यांना हसवतो, फार विनोदी आहे.
५. तुमच्या मुलीचं लग्न फार सुंदर झालं.